आईच्या छातीचा सीटी रिपोर्ट: आधी ९ मिमी, आता ११ मिमी. गाठ खरंच वाढली का?

मृण्मयी_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. आईचं वय ६१. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढला तर डावीकडे वरच्या टोकाला डाग दिसला, म्हणून सीटी करायला सांगितला. तो डाग जुना, चुना धरलेला निघाला. पण उजवीकडे दुसरंच काहीतरी सापडलं आणि तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही.

पहिला सीटी कोल्हापूरला केला. त्या रिपोर्टमध्ये असं होतं: उजव्या वरच्या लोबमध्ये ९ मिमीचं ग्राउंड ग्लास नोड्यूल. डाव्या वरच्या लोबमध्ये कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा आणि फायब्रोटिक पट्टे. उजव्या फिशरला चिकटून ४ मिमीचं नोड्यूल. दोन्ही खालच्या लोबमध्ये मागच्या बाजूला पुसट ग्राउंड ग्लास.

चार महिन्यांनी पुण्याला परत सीटी केला. त्यात उजव्या वरच्या लोबमध्ये ११ × ८ मिमीचं पार्ट-सॉलिड नोड्यूल, त्यातला सॉलिड भाग ४ मिमी, असं लिहिलंय. बाकी सगळं साधारण तेच आहे. फक्त खालच्या लोबमधल्या ग्राउंड ग्लासचा या वेळी उल्लेखच नाही. शेवटी कॅन्सरची शक्यता पडताळून पाहावी अशी ओळ आहे.

म्हणजे ९ चं ११ झालं, आणि आधी नुसतं ग्राउंड ग्लास होतं त्यात आता सॉलिड भाग आला, असं आम्ही समजतोय. सर्जन म्हणाले, काढून टाकू. छातीचे डॉक्टर म्हणाले, आधी दोन्ही सीड्या आणा, मग बोलू. भाऊ म्हणतोय, लगेच पेट स्कॅन करू. आईनं कधी विडी-सिगरेट ओढलेली नाही, पण लग्नानंतर बरीच वर्षं चुलीवर स्वयंपाक केलाय. लहानपणी तिच्या घरात आजीला टीबी होता. आता खोकला नाही, ताप नाही, वजनही आहे तेवढंच आहे.

हा रिपोर्ट नेमका वाचायचा कसा, ते कुणी समजावून सांगेल का?

सातारकर

ताई, घाबरू नका. ग्राउंड ग्लास म्हणजे कोविडनंतरचं असतं. २०२१ ला माझा स्कोअर १४ होता, दोन्ही फुप्फुसं ग्राउंड ग्लासनं भरली होती. काही महिन्यांत सगळं साफ झालं. आईंना कोविड होऊन गेला असेल तर हे त्याचंच आहे. अँटिबायोटिकचा एक कोर्स द्या आणि परत सीटी करा. ८ मिमीच्या आतलं तर बघायचंही नसतं असं आमचे डॉक्टर म्हणाले होते, तुमचं त्याच्या जरासंच वर आहे.

वैशाली७४

माझ्या जावेलाही नोड्यूल होतं, थायरॉइडमध्ये. सुईची तपासणी केली, साधं निघालं. आता वर्षातून एकदा सोनोग्राफी करतात. आईंची पण सोनोग्राफी करून बघा ना, सीटीपेक्षा स्वस्त पडते.

क्ष_किरण

मी मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात रेडिओलॉजीत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. फिल्म न बघता निदान सांगता येत नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण रिपोर्ट कसा वाचायचा हे नक्की सांगता येईल.

वैशालीताई, थायरॉइड गळ्यात वरच असतं, तिथे सोनोग्राफी उत्तम चालते. फुप्फुसात हवा असते आणि हवेतून त्या लहरी पुढे जात नाहीत. आतल्या गाठीसाठी सीटीच लागतो.

सातारकर, तुमच्या फुप्फुसात जे होतं ते पसरलेलं होतं. दोन्हीकडे, कडेकडेने, मोठाले पट्टे. आजार ओसरला तसं तेही विरलं. मृण्मयीताईंच्या आईंकडे आहे तो एकच गोल, कडा दाखवता येईल असा ठिपका. शब्द दोन्हीकडे ग्राउंड ग्लास हाच, कारण त्या शब्दात एवढंच सांगितलेलं असतं की तिथलं फुप्फुस जरा पांढुरकं झालंय पण आतल्या रक्तवाहिन्या अजून दिसतायत. पांढुरकं का झालंय, ते त्या शब्दात नाही. कारण ठरवायला आकार, जागा आणि काळ हे तिन्ही लागतात. पसरलेलं असेल तर संसर्ग, पाणी, सूज, औषधांचा परिणाम हे आधी डोळ्यासमोर येतं. एकच ठिपका असेल आणि तो महिनोन्‌महिने जागचा हलत नसेल तर विचाराची दिशा बदलते.

आता ताई, तुमच्या रिपोर्टमधल्या चार गोष्टींपैकी तीन बाजूला ठेवू.

डावीकडचा ग्रॅन्युलोमा आणि पट्टे: घरात टीबी होता म्हणालात, तर बहुधा लहानपणी होऊन स्वतःच बरा झालेल्या टीबीचा हा वण. आपल्याकडे असे वण फार लोकांच्या छातीत असतात. पूर्ण चुना धरलेली गाठ ही शमलेल्या आगीची खूण असते. तिच्यावर औषध नसतं आणि लागतही नाही.

फिशरला चिकटलेलं ४ मिमीचं: त्याचा आकार त्रिकोणी किंवा चपटा आणि कडा गुळगुळीत असेल तर ती फुप्फुसातलीच छोटी लसिकाग्रंथी असते. तसंही ६ मिमीच्या आतल्या सॉलिड गाठीत कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी धरतात.

खालच्या लोबमधलं मागच्या बाजूचं पुसट: आई उताण्या झोपल्या होत्या, फुप्फुसाचा मागचा भाग खाली दबलेला होता. त्यात श्वास पूर्ण भरून धरला नसेल तर तिथे हमखास असं दिसतं. पुण्याच्या रिपोर्टमध्ये ते नाही, यावरून बहुतेक त्या वेळी श्वास नीट भरला गेला. शंका आलीच तर पालथं झोपवून दोन-चार काप घेतात, दबल्यामुळे आलेलं असेल तर ते नाहीसं होतं.

राहिलं ते उजव्या वरच्या लोबमधलं. त्याबद्दल मी विचारतो तेवढं आधी सांगा. कोल्हापूरच्या सीटीचे काप किती जाडीचे होते? रिपोर्टच्या वरच्या भागात टेक्निक म्हणून लिहिलेलं असेल, नाहीतर सीडी उघडली की चित्राच्या कोपऱ्यात दिसेल. दुसरं, आईंना पूर्वी कुठला कॅन्सर झालाय का, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत का? तसं असेल तर मी पुढे जे आकडे सांगेन ते त्यांना लागू नाहीत.

पराग_न्यूजर्सी

इथे अमेरिकेत लंग-रॅड्स म्हणून पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक रिपोर्टला नंबर देतात. पार्ट-सॉलिड ६ मिमी किंवा त्याहून मोठं आणि सॉलिड भाग ६ च्या आत असेल तर कॅटेगरी ३, सहा महिन्यांनी परत सीटी. सर्जरीचा प्रश्नच येत नाही. भारतात सगळे सर्जन कापायलाच बसलेत असं दिसतं. रिपोर्टवर हा नंबर का लिहिलेला नाही, ते विचारा.

क्ष_किरण

पराग, आकडे बरोबर आहेत पण चौकट वेगळी आहे. लंग-रॅड्स स्क्रीनिंगसाठी आहे. तुमच्याकडे ५० ते ८० वयाच्या, भरपूर धूम्रपान केलेल्या लोकांचा दरवर्षी कमी मात्रेचा सीटी करतात, तिथे तो नंबर देतात. या आईंना दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत गाठ सापडली. त्यासाठी जगभर फ्लाइशनर सोसायटीची २०१७ ची सूत्रं वापरतात. म्हणून नंबर नाही, त्यात रेडिओलॉजिस्टची चूक नाही.

आणि सर्जनविषयी एवढं टोकाचं बोलू नका. पार्ट-सॉलिड गाठ टिकून राहिली तर ती कधीतरी काढावी लागते, हे त्यांचं म्हणणं पोकळ नाही. प्रश्न फक्त कधी एवढाच असतो.

दत्ता_पाटील

क्ष_किरण काका, याच धाग्यात विचारतो, चालेल ना? माझे वडील ६८ वर्षांचे, चाळीस वर्षं विडी. उजव्या वरच्या लोबमध्ये ७ मिमीचं सॉलिड नोड्यूल होतं, सहा महिन्यांनी ९ मिमी. गावातले डॉक्टर म्हणाले दोनच मिलिमीटर तर वाढलंय, अजून सहा महिने थांबा. दुसऱ्या एकांनी टीबी समजून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करायला सांगितलंय. थुंकी दोनदा तपासली, काही निघालं नाही.

क्ष_किरण

दत्ताभाऊ, विचारा, विषय एकच आहे. तुमची केस मृण्मयीताईंच्या उलट टोकाची आहे, म्हणून इथेच मांडतो.

गाठ सगळीकडून वाढते आणि आपण मोजतो फक्त तिची रुंदी. ७ चा घन ३४३, ९ चा घन ७२९. म्हणजे दोन मिलिमीटर म्हणताना गाठीचं आकारमान दुपटीहून जास्त झालं, तेही सहा महिन्यांत. रुंदी सव्वापट झाली की गाठ दुप्पट झाली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. सॉलिड कॅन्सर साधारणपणे शंभर ते चारशे दिवसांत दुप्पट होतात, तुमच्या वडिलांची गाठ बरोबर त्या पट्ट्यात बसते. काही आठवड्यांतच दुप्पट झाली असती तर मी आधी संसर्गाचा विचार केला असता. दोन वर्षांत अजिबात हलली नसती तर निर्धास्त झालो असतो.

ती ८ मिमीच्या पुढे गेली आहे, वाढती आहे, वय आणि विडी दोन्ही आहेत. अशा वेळी थांबत नाहीत. आता पेट किंवा सरळ तुकडा काढून तपासणी यावर छातीच्या डॉक्टरांशी बोला. आणि एकेटी नुसत्या अंदाजानं सुरू करू नका. एकट्या गाठीच्या टीबीत थुंकी निगेटिव्ह येऊ शकते हे खरं, पण औषध देऊन सहा महिने वाट बघायची आणि गाठ कॅन्सरची निघाली तर ते सहा महिने गेले. असं झालेलं मी पुष्कळदा पाहिलंय. टीबी असेल तर तो त्याच तुकड्यात सापडू दे.

निशिगंधा

मृण्मयी, मी त्यातून गेलेय. मीही सिगरेट न ओढणारी. माझं पार्ट-सॉलिड सापडलं तेव्हा सॉलिड भाग ४ मिमीच होता. दोन वर्षं दर सीटीच्या आधी महिनाभर मी माणसांत नसायचे. मग तो भाग ७ झाला आणि दुर्बिणीतून फुप्फुसाचा तेवढा भाग काढला. सुरुवातीच्या टप्प्यातला अॅडिनोकार्सिनोमा निघाला, लसिकाग्रंथी स्वच्छ होत्या, केमो लागली नाही. आज मी जिना चढते, प्रवास करते, सगळं करते. पण ती दोन वर्षं कुणी परत देत नाही. मला विचारशील तर सर्जनचं ऐक.

मृण्मयी_कोल्हापूर

निशिगंधाताई, हे इतकं मोकळेपणानं लिहिलंत, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं.

काका, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. कॅन्सर पूर्वी नाही, तशी औषधंही नाहीत. कोल्हापूरच्या सीडीवर सगळ्या चित्रांच्या कोपऱ्यात ५.० मिमी दिसतंय, पुण्याच्या सीडीवर १.० आहे. याने काही फरक पडतो का?

क्ष_किरण

सगळा फरक यानेच पडतो.

सीटीच्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यात त्या कापाच्या पूर्ण जाडीची सरासरी असते. ५ मिमीच्या कापात ३-४ मिमीचा सॉलिड भाग आला तर त्याच्या वरची-खालची हवा त्याच्यात मिसळते आणि तो राखाडी दिसतो, म्हणजे ग्राउंड ग्लास. तोच भाग १ मिमीच्या कापात पांढरा, स्वच्छ दिसतो. त्यामुळे सॉलिड भाग नव्यानं आला की आधीपासून होता आणि जाड कापात बुडाला होता, हे तुमच्या हातातल्या दोन सीड्या शेजारी ठेवून सांगताच येणार नाही. अशा गाठींसाठी दीड मिमी किंवा त्याहून पातळ काप मागतात ते यासाठीच.

आता ९ आणि ११ बघू. कोल्हापूरच्या रिपोर्टमध्ये एकच आकडा आहे, पुण्याच्या रिपोर्टमध्ये दोन. एकच आकडा लिहिताना काही जण सर्वांत लांब बाजू लिहितात, काही जण लांबी-रुंदीची सरासरी. योग्य रीत सरासरीची: एकाच कापावर लांब बाजू आणि तिला काटकोनातली बाजू, दोन्ही मिळवून भागिले दोन. पुण्याचे ११ आणि ८ मिळून १९, त्याची सरासरी साडेनऊ. कोल्हापूरच्यांनी ९ ही सरासरी लिहिली असेल तर तुम्ही सरासरीची तुलना लांब बाजूशी करताय. खरा फरक अर्ध्या मिलिमीटरचा. दोन मिलिमीटरपेक्षा कमी फरक म्हणजे वाढ असं आम्ही मानतच नाही, कारण एकच गाठ एकाच दिवशी दोघांनी मोजली तरी तेवढा फरक पडतो. श्वास थोडा कमी-जास्त भरला तरीही पडतो.

तर आता एक काम करा. कोल्हापूरच्या केंद्रात जाऊन विचारा की त्या तपासणीची पातळ कापांची मालिका त्यांच्या संगणकात ठेवलेली आहे का. मशीन बहुतेक वेळा पातळ कापच घेतं, ५ मिमीचे काप नंतर बनवून सीडीवर टाकतात म्हणजे चित्रं कमी होतात. पुष्कळ ठिकाणी पातळ मालिका काही काळ सर्व्हरवर असते. ती मिळाली तर पुण्याच्या रेडिओलॉजिस्टकडे द्या आणि दोन्ही तपासण्या स्वतः मोजून तुलनेचा रिपोर्ट मागा. जुना रिपोर्ट वाचून केलेली तुलना नको, चित्रं शेजारी ठेवून केलेली हवी. छापलेल्या फिल्मचा इथे काहीच उपयोग नाही, ते काप जाडही असतात आणि लहानही छापलेले असतात.

निशिगंधाताईंची गाठ ४ ची ७ झाली, तेही पातळ कापांवर मोजून. ती वाढ खरी होती आणि काढायची वेळही अचूक होती. मृण्मयीताईंकडे अजून वाढ झाली की नाही हेच ठरलेलं नाही.

सातारकर

काका, मग पेट का नको? घरातल्यांची एकदाची खात्री तरी होईल.

क्ष_किरण

खात्री होणार नाही, म्हणूनच. पेटमध्ये साखर खाणाऱ्या पेशी चमकतात. ग्राउंड ग्लास गाठीतल्या कॅन्सरच्या पेशी विरळ आणि संथ असतात, त्यातून सॉलिड भाग ४ मिमीचा. तो कॅन्सर असला तरी पेटमध्ये थंड दिसू शकतो. उलट जुन्या टीबीच्या छातीतल्या लसिकाग्रंथी कधीकधी चमकतात. म्हणजे ज्या गाठीची शंका आहे ती सुटते आणि जिची नाही तिच्यातून तुकडा काढायची वेळ येते. दत्ताभाऊंच्या वडिलांची ९ मिमीची भरीव गाठ ही वेगळी गोष्ट, तिथे पेटला थोडा अर्थ आहे. तरी टीबीही चमकतो हे विसरायचं नाही.

सुईनं तुकडा काढण्याचंही असंच. १० मिमीच्या पुसट गाठीत सुई नेमकी ४ मिमीवर पोचेलच असं नाही. निगेटिव्ह आलं तर कुणीच त्यावर विसंबणार नाही, आणि फुप्फुसाला छिद्र पडून हवा साचण्याचा धोका वर.

अँटिबायोटिकही ताप-खोकला नसताना देण्यात अर्थ नाही. संसर्ग असता तर चार महिन्यांत गाठ आपोआप विरली असती किंवा बदलली तरी असती. पार्ट-सॉलिड गाठ दिसली की तीन ते सहा महिन्यांनी परत सीटी सांगतात तो ती विरते का, हेच बघायला. अशा पुष्कळ गाठी विरतात. ही टिकली.

मृण्मयी_कोल्हापूर

मालिका मिळाली! कोल्हापूरच्या केंद्रात ती अजून होती, तंत्रज्ञ दादांनी लगेच पेनड्राइव्हवर काढून दिली. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही तपासण्या शेजारी ठेवून नवा रिपोर्ट दिला. तो असा:

आधीची: ११ × ७, सरासरी ९. सॉलिड भाग साधारण ३ मिमी, तेव्हाही होता.
आताची: ११ × ८, सरासरी १०. सॉलिड भाग ४ मिमी.
लक्षणीय बदल नाही. गाठ टिकून आहे.

म्हणजे लांब बाजू ११ तेव्हाही होती आणि आताही ११ च आहे! भाऊ दोन्ही रिपोर्ट घेऊन बराच वेळ बसला होता. पण आई विचारते, ३ चे ४ झाले त्याचं काय? आणि गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही?

क्ष_किरण

छान काम केलंत. त्या तंत्रज्ञांचेही आभार मानायला हवेत.

साडेनऊचा त्यांनी पूर्ण मिलिमीटर करून १० लिहिलाय, ती रीतच आहे. ९ ते १० हा बदल दोनच्या आत, म्हणून वाढ नाही. सॉलिड भाग ३ चा ४ हेही मोजमापाच्या चुकीत बसतं, ३ मिमीच्या आसपास तर तो भाग खात्रीनं मोजताच येत नाही. सूत्राप्रमाणे टिकलेली पार्ट-सॉलिड गाठ, सॉलिड भाग ६ मिमीच्या आत, म्हणजे दरवर्षी एक सीटी, पाच वर्षं. सॉलिड गाठीला दोन वर्षं पुरतात आणि हिला पाच, कारण या गाठी संथ असतात. दुप्पट व्हायला यांना कित्येकदा तीन-चार वर्षं लागतात, दोन वर्षांत काही दिसलं नाही याला फार अर्थ नसतो.

पुढच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये दोन आकडे मागा, पूर्ण गाठीचा आणि सॉलिड भागाचा. जास्त लक्ष दुसऱ्यावर. या प्रकारच्या कॅन्सरचा टप्पासुद्धा सॉलिड भागाच्या मापावरून ठरवतात, बाहेरच्या पुसट कड्याच्या नाही. गाठ एकूण लहान झाली आणि आतला पांढरा भाग वाढला, असंही होतं. रिपोर्टमध्ये लहान झाली वाचून लोक पेढे वाटतात, पण आत तंतू आवळले गेल्यामुळे ती आक्रसलेली असू शकते.

मी स्वतः असतो तर पुढचा सीटी वर्षाऐवजी सहा महिन्यांनी केला असता. ३ चे ४ ही चूक असण्याची शक्यता जास्त आहे, पण चूक नसेल तर ती आणखी एकदा तरी दिसेल. कमी मात्रेचा, कॉन्ट्रास्टशिवाय, पुण्याच्याच केंद्रात, १ मिमीचे काप.

पराग_न्यूजर्सी

काका, आदर आहे पण पटलं नाही. सूत्र वर्षाचं म्हणतं, बदल चुकीच्या मर्यादेत आहे असं तुम्हीच म्हणता, मग सहा महिने का? सहा महिन्यांनी ४ चे ३ आले किंवा ५ आले, तरी तुम्ही तेच म्हणणार की मोजमापाची चूक. घरच्यांचा जीव टांगणीला लागतो तो वेगळाच. निशिगंधाताईंनी लिहिलंय ना, आधीचा महिनाभर काय होतं ते.

क्ष_किरण

मुद्दा रास्त आहे. चार महिन्यांचं अंतर एवढ्या संथ गाठीसाठी मुळातच थोडं होतं आणि सहा महिने हेही फारसं लांब नाही. तरी माझं मत तेच ठेवतो. वर्षाच्या बाजूचे डॉक्टर असतील तर ते काही चुकीचं सांगत नाहीत.

निशिगंधा

परागदादा, माझ्या महिनाभराच्या घालमेलीचा आधार घेऊन वर्षभर थांबा म्हणू नका. मला सहा महिन्यांनीच करत होते आणि म्हणून ७ वर सापडलं.

मृण्मयी_कोल्हापूर

आज छातीचे डॉक्टर आणि सर्जन दोघांशी एकत्र बोलणं झालं. दोघांचं एकमत सहा महिन्यांवर झालं, त्यानंतर बदल नसेल तर दरवर्षी. सॉलिड भाग ६ ला पोचला किंवा दोन मिलिमीटरनं वाढला तर काढायचं, हे सर्जननी कागदावर लिहून दिलं. अजूनही त्यांना आत्ता काढलेलं आवडलं असतं, तसं ते स्पष्ट म्हणाले. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, आधी माझा गुडघा करा. छातीच्या डॉक्टरांची त्याला हरकत नाही, श्वासाची तपासणी चांगली आली.

दत्ता_पाटील

अभिनंदन ताई, आईंना सांभाळा.

काका, आमचं पेट झालं. गाठ चमकली आहे. मधल्या ग्रंथींमध्ये काही नाही. पुढच्या आठवड्यात सीटी बघून सुईनं तुकडा काढणार आहेत. मी काही विचारून ठेवू का?

क्ष_किरण

दत्ताभाऊ, चमकली यावरून कॅन्सर की टीबी हे ठरत नाही, पण ग्रंथी स्वच्छ आहेत ही चांगली गोष्ट. काढायचीच वेळ आली तर शस्त्रक्रियेला वाव आहे.

तपासणीच्या आधीच डॉक्टरांना सांगा की सगळा नमुना फॉर्मालिनमध्ये टाकू नका. फॉर्मालिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून टीबीचं कल्चर होत नाही, जंतू मरतात. थोडा भाग सलाइनमध्ये वेगळ्या बाटलीत घ्यायचा, तो सीबीनॅट या टीबीच्या तपासणीला आणि कल्चरला जाईल, उरलेला पॅथॉलॉजीला. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर किती दिवस आधी थांबवायची तेही विचारा, ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. सुई काढल्यावर काही तास छातीचा एक्स-रे करून बघतात, त्याच्या आधी वडिलांना घरी आणायची घाई करू नका.

दत्ता_पाटील

हृदयासाठीची एक गोळी चालू आहे खरी. उद्याच फोन करून विचारतो. दोन बाटल्यांचं लिहून घेतलं.